संक्षेपातून गळालेले वाक्य

निवासी डॉक्टर असताना मानसोपचाराच्या एका अधिवेशनासाठी मी पहिल्यांदा अभ्यासाचा संक्षेप पाठवला. मर्यादा २५० शब्दांची होती आणि माझे २६३ झाले होते. शेवटची तारीख त्याच रात्रीची होती आणि शब्द जास्त असेपर्यंत अर्ज पुढे सरकत नव्हता. विषय होता बायपोलर आजारात झोप बिघडणे आणि आजार उलटणे यांचा संबंध. तेरा शब्द कुठून काढायचे? सुरुवातीची दोन वाक्ये भारदस्त होती, ती मार्गदर्शकांनी स्वतः सुधारून दिली होती. निष्कर्षाला हात लावायचा धीर होत नव्हता. मधेच एक वाक्य होते, की काही रुग्ण पुढच्या तपासण्यांना आलेच नाहीत आणि त्यांत झोप बिघडलेल्यांचे प्रमाण जास्त होते. इंग्रजीत ते बरोबर तेरा शब्दांचे होते. ते काढले. संक्षेप स्वीकारला गेला आणि छापूनही आला.

दोनेक वर्षांनी एका कार्यशाळेत वक्त्याच्या पडद्यावर माझा आकडा दिसला. नुसती टक्केवारी होती. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका डॉक्टरांनी ती वहीत उतरवून घेतली आणि खाली रेघ मारली. तो आकडा खोटा नव्हता. पण तो किती माणसांवर उभा आहे आणि कोण त्यातून निसटले आहे, हे सांगणारे एकमेव वाक्य मी काढून टाकले होते. त्या सभागृहात ते कुणाला कळण्याची सोयच नव्हती.

आता मी निवडसमितीच्या बाजूला बसतो आणि दर वर्षी हा वाद कानावर येतो. एक पक्ष म्हणतो, शब्दमर्यादा इतकी कडक ठेवली की अभ्यास अपुरा आणि म्हणून फसवा दिसतो, ती सैल करा. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला आपले काम २५० शब्दांत सांगता येत नाही त्याला ते कळलेलेच नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण वाद हवेत चालतो, एखादा प्रत्यक्ष संक्षेप समोर ठेवून क्वचित होतो. म्हणून झोप आणि बायपोलर आजाराचाच संक्षेप घेऊन बघू.

आधी एका नेहमीच्या उत्तराचा निकाल लावायला हवा. संक्षेपात काही राहिले तर काय बिघडले, पूर्ण निबंध येईलच, असे म्हटले जाते. कोक्रेनने २०१८ साली केलेल्या आढाव्यात अधिवेशनांमधल्या तीन लाखांहून अधिक संक्षेपांचा पुढचा प्रवास पाहिला गेला. त्यांतले पूर्ण निबंध म्हणून छापले गेले सुमारे ३७ टक्के. ज्यांचे निकाल होकारार्थी होते त्यांची छापले जाण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त अभ्यासांचे मागे उरणारे लिखित रूप तेवढेच, दोन-अडीचशे शब्दांचे. भारतीय मानसोपचार संघटनेच्या वार्षिक अधिवेशनातले संक्षेप ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’च्या पुरवणीत येतात. पुढे कुणी शोधायला गेले तर बहुतेक वेळा तेच सापडते आणि तेच उद्धृत होते.

आता विषयाकडे. बायपोलर आजारात माणूस कधी उन्मादात जातो, कधी गडद उदासीनतेत, आणि मधल्या काळात पुष्कळदा नीट असतो, नोकरी करतो, घर चालवतो. आजार उलटू नये, निदान उलटायला लागला तर वेळेवर कळावे, हीच घरच्यांची आणि डॉक्टरांची सततची काळजी असते. झोपेकडे सगळ्यांचे लक्ष जाते ते यामुळे. २००३ साली जॅक्सन, कॅव्हनॉ आणि स्कॉट यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. उन्मादाच्या आधी जाणवणाऱ्या पूर्वखुणांमध्ये झोप बिघडणे सर्वांत वर होते, अभ्यासांमधले मधले प्रमाण ७७ टक्के. उदासीनतेच्या आधी तीच खूण बरीच खाली होती, २४ टक्क्यांवर. त्याआधी, १९८७ साली, अमेरिकेतल्या थॉमस वेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी मांडणी केली होती. बाळंतपण, प्रवास, मृत्यूचा धक्का, औषधे अशी कारणे वेगवेगळी असली तरी ती सगळी झोप कमी करतात, आणि उन्मादाकडे नेणारी शेवटची वाट ही कमी झालेली झोपच असते, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन गोष्टी कानाला सारख्याच वाटतात, पण त्या एक नाहीत. पहिली म्हणते, झोप हा धूर आहे. आत आग लागलेली आहे, तिची पहिली खूण बाहेर दिसते आहे. दुसरी म्हणते, झोप ही ठिणगी आहे. तिच्यामुळेच आग लागते. धूर दिसला तर डॉक्टरांना गाठायचे, औषधे तपासायची, बँकेचे कार्ड आणि गाडीची किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे ठेवायची. ठिणगी असेल तर मात्र माणूस पूर्ण बरा असतानाच झोपेवर उपचार करायला हवेत. दोन्ही खरे असू शकते, एकाच रुग्णात वेगवेगळ्या वेळी खरे असू शकते. पण संक्षेप लिहिणाऱ्याने आपण दोहोंपैकी कशाबद्दल बोलतो आहोत हे सांगितले नाही, तर ऐकणारा आपल्याला हवे ते ऐकतो.

गोंधळाचे आणखी एक मूळ ‘झोप बिघडणे’ या शब्दातच आहे. बाह्यरुग्ण विभागात एकाच सकाळी दोन जण समोर येतात. एका मुलीची आई सांगते, “डॉक्टर, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही हिच्या. पहाटे उठून सगळी भांडी घासली, कपाटं लावली, आणि दमलीय म्हणाल तर नाव नाही.” तिच्यामागून आलेला बँकेतला गृहस्थ म्हणतो, “रात्रभर कूस बदलतो. सकाळी अंग मोडून येतं, कामावर डोळे मिटतात.” दोघांची झोप चार तासांची. मुलीला झोपेची गरजच वाटत नाही, हे उन्मादाचे लक्षण. त्या गृहस्थाला झोप हवी आहे आणि येत नाही, हा निद्रानाश. तिसरा कुणी दिवसाला बारा तास झोपतो आणि तरी उठवत नाही, त्याची वाट उदासीनतेकडची असू शकते. संक्षेपात तिघांसाठी मिळून एकच शब्द येतो.

मोजमापाने हा गोंधळ मिटत नाही, उलट कधी वाढतो. अशा अभ्यासांत बहुधा पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली वापरतात. ती १९८९ साली आली. गेल्या महिन्याभराच्या झोपेबद्दल विचारते, सात घटकांना प्रत्येकी ० ते ३ गुण देते, आणि बेरीज ५ च्या वर गेली की झोप वाईट असे धरतात. त्या मुलीला हीच प्रश्नावली देऊन बघा. पाच तासांहून कमी झोप, तिथे ३ गुण. पण झोप लागायला वेळ लागतो का? नाही. मधे जाग येते का? नाही. अंथरुणात पडल्या पडल्या वेळ जातो का? ती पडतच नाही. दिवसा पेंग येते का? मुळीच नाही. झोपेची प्रत कशी? उत्तम. बेरीज ३. उन्मादाच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुलगी कागदावर ‘चांगली झोप’ या गटात जाऊन बसते. मोजायचे साधन कोणते आणि कधी वापरले, हे चार शब्द संक्षेपात का राहायला हवेत ते यावरून कळते.

आता एक संक्षेप घडवून बघू. यातले आकडे हिशेब दाखवण्यासाठी मी घेतले आहेत, ते कुठल्याही अभ्यासातले नाहीत. समजा, एका शिक्षण रुग्णालयात बायपोलर-१ प्रकारचे, किमान आठ आठवडे स्थिर असलेले १२० रुग्ण घेतले. सुरुवातीला सगळ्यांची झोप प्रश्नावलीने मोजली. ६४ जणांची वाईट निघाली, ५६ जणांची चांगली. मग वर्षभर दर महिन्याला तपासणी केली. यालाच कोहोर्ट अभ्यास म्हणतात, म्हणजे कुणाला काही द्यायचे नाही, एका गटाला काळाबरोबर फक्त बघत राहायचे. वर्षाअखेरीस वाईट झोपेच्या गटातले ५० आणि चांगल्या झोपेच्या गटातले ५० हाती राहिले. पहिल्या पन्नासात २५ जणांचा आजार उलटला, दुसऱ्या पन्नासात १५ जणांचा.

घाईत लिहिलेल्या संक्षेपात हे असे उतरते: “वाईट झोप असलेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ५० टक्के, तर चांगली झोप असलेल्यांत ३० टक्के. झोपेचा बिघाड आजार उलटण्याचे भाकीत करतो. झोपेवर उपचार केल्यास पुनरावृत्ती टाळता येईल.” आकडे बरोबर आहेत. तरीही यात तीन ठिकाणी पाणी मुरते.

पहिली जागा न आलेल्यांची. १४ जण वाईट झोपेच्या गटातून गेले, ६ चांगल्या झोपेच्या. ते का आले नाहीत? गाव लांब, नोकरी, औषधाचा कंटाळा, किंवा आजार उलटल्यामुळे दुसरीकडे दाखल झाले. कुणालाच ठाऊक नाही. एक टोकाची कल्पना करा की गेलेले १४ वर्षभर ठणठणीत राहिले आणि गेलेल्या सहाही जणांचा आजार उलटला. मग वाईट झोपेच्या गटात ६४ पैकी २५, म्हणजे ३९ टक्के, आणि चांगल्या झोपेच्या गटात ५६ पैकी २१, म्हणजे साडेसदतीस टक्के. वीस टक्क्यांचा फरक दीड टक्क्यावर आला. उलट्या टोकाची कल्पना केली तर तो वाढेल. खरे उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. पण न आलेल्या २० जणांचा आकडा समोर असेल तरच वाचणारा हा हिशेब करू शकतो. तो नसेल तर हिशेब करायचा आहे हेच त्याला कळत नाही.

दुसरी जागा धुराची. ज्यांचा आजार उलटला त्यांतल्या काहींचा पहिल्या चार आठवड्यांतच उलटला. समजा, वाईट झोपेच्या गटात असे ९ होते आणि दुसऱ्यात २. झोप मोजली त्या दिवशीच या लोकांत आजार आतून सुरू झालेला असणे अगदी शक्य आहे. त्यांना बाजूला ठेवून पुन्हा मोजले तर ४१ पैकी १६ आणि ४८ पैकी १३, म्हणजे ३९ आणि २७ टक्के. फरक उरतो, पण वीसचा बारा होतो. इतका साधा हिशेब, आणि तो केल्याचे संक्षेपात फार क्वचित दिसते.

तिसरी जागा सोबत येणाऱ्या इतर गोष्टींची. स्थिर म्हटलेल्या रुग्णांतही थोडी उदासीनता शिल्लक असते, आणि ती झोपही बिघडवते आणि आजारही उलटवते. उदासीनता मोजायच्या हॅमिल्टन मापनश्रेणीत तर झोपेवरचेच तीन प्रश्न आहेत, त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या करणे आणखी अवघड होते. लिथियम नीट घेणारा आणि चुकवणारा यांच्यातही असाच फरक पडतो. आपल्या गटात आजार किती काळाने उलटला हे धरून, पण बाकी काही न धरता, आजार उलटण्याचा दर वाईट झोपेच्या लोकांत १.९ पट येतो. हे सगळे जमेस धरल्यावर, समजा, तो १.५ पट उरला आणि खरी किंमत ०.८ पासून २.९ पर्यंत कुठेही असू शकते असे निघाले. म्हणजे उलट थोडा कमी असण्यापासून जवळजवळ तिप्पट असण्यापर्यंत काहीही. जो संक्षेप १.९ छापतो आणि १.५ गाळतो तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो.

आणि ‘भाकीत करतो’ हा शब्द. इंग्रजी संक्षेपात ‘प्रेडिक्ट्स’ असे असते. संख्याशास्त्रज्ञाच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच, की आधी मोजलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीशी हिशेबात जुळते. डॉक्टरच्या कानात त्याचा अर्थ होतो, हे पाहून मला समोरच्या रुग्णाबद्दल सांगता येईल. घरच्यांच्या कानात होतो, झोप गेली की आजार आलाच. ॲलिसन हार्वे आणि सहकाऱ्यांनी २००५ साली कोणताही एपिसोड चालू नसलेले बायपोलर रुग्ण तपासले, तेव्हा ७० टक्क्यांची झोप लक्षणीय बिघडलेली निघाली. गट लहान होता. पण दहातल्या सात बऱ्या रुग्णांची झोप वाईट असेल, तर नुसत्या वाईट झोपेवरून एखाद्या रुग्णाचे भविष्य सांगणे किती कठीण आहे ते लक्षात येईल. दिवाळीत पाहुण्यांमुळे एक रात्र जागरण झाले म्हणून मुलाच्या खोलीबाहेर रात्रभर खुर्ची टाकून बसलेले वडील मी पाहिले आहेत. मुलाला काहीच झाले नाही. त्या रात्रीनंतर तो घरात मोकळेपणाने बोलेनासा झाला.

निष्कर्षातले शेवटचे वाक्य, झोपेवर उपचार केल्यास पुनरावृत्ती टळेल, हे तर कोहोर्ट अभ्यासाच्या आवाक्यातलेच नाही. त्यात उपचार झालेलाच नाही. शिवाय ते निरुपद्रवीही नाही. निद्रानाशावरच्या वर्तनोपचारात अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात. सर्वसाधारण निद्रानाशात ते गुणकारी ठरते. पण बायपोलर रुग्णाची झोप अशी कापली तर उन्माद पेटण्याची भीती असते, म्हणून या रुग्णांसाठी ती पद्धत सौम्य करून वापरावी लागते. झोपेसाठी म्हणून रात्री दिलेली अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी उदासीनतेवरची औषधेही माणसाला उन्मादात ढकलू शकतात. अडीचशे शब्दांच्या शेवटी भरीला घातलेले वाक्य एखाद्या गावातल्या दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीवर उतरू शकते.

उपचाराचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारला तो चाचणीने. हार्वे यांनीच २०१५ साली ५८ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ३० जणांना बायपोलरसाठी बदललेला झोपेचा वर्तनोपचार दिला, २८ जणांना आजाराविषयीचे प्रशिक्षण. सहा महिन्यांत कुठल्याही प्रकारे आजार उलटण्याचे प्रमाण १३.६ आणि ४२.१ टक्के निघाले. मोठा फरक आहे, आणि आशा वाटावी असा आहे. पण कागद-पेन्सिल घ्या. सरळ भागाकाराने ३० माणसांत १३.६ टक्के येत नाहीत. २८ माणसांत ४२.१ टक्के येत नाहीत. २२ पैकी ३ आणि १९ पैकी ८ केले की हेच आकडे तंतोतंत येतात. लेखकांनी संक्षेपात एकूण फरकाला ‘किंचित’ अशा अर्थाचाच शब्द वापरला होता, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तरीही नुसती टक्केवारी वाचणाऱ्याच्या मनात तीन आणि आठ माणसे उभी राहत नाहीत. टक्क्यांच्या शेजारी माणसांची संख्या लिहायला फक्त चार आकडे लागतात.

आता वादाकडे परत येतो. मर्यादा सैल करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मला असा दिसतो. औषधाच्या चाचणीत ‘चिठ्ठ्या टाकून गट पाडले’ एवढे म्हटले की पन्नास शब्दांचे काम होते. दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते हे त्या एका शब्दप्रयोगात येते. कोहोर्ट अभ्यासाकडे असा मंत्र नाही. कोणाला घेतले, कधी मोजले, कशाने मोजले, इतर कोणत्या गोष्टी हिशेबात धरल्या, किती निसटले, हे सगळे एकेक करून सांगावे लागते. म्हणून दोघांना २५० शब्द देणे हा कागदावरचाच समान न्याय आहे. हा मुद्दा मला मान्य आहे.

तरीही मर्यादा वाढवून उपयोग होईल असे मला वाटत नाही. काही अधिवेशनांत दुप्पट शब्द देतात आणि तिथलेही संक्षेप मी तपासले आहेत. वाढीव जागा न आलेल्या रुग्णांना मिळत नाही. ती मिळते पार्श्वभूमीला, बायपोलर आजार जगभर किती मोठी समस्या आहे या वाक्याला, आणि निष्कर्षातल्या आश्वासनांना. माणूस जे सांगायला उत्सुक असतो तेच लांबवतो. शिवाय समितीतला प्रत्येक जण रोजचे रुग्ण सांभाळून शंभराहून अधिक संक्षेप वाचतो. लांबी वाढली की वाचन उथळ होते आणि नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. कडक मर्यादेने मला स्वतःला एक गोष्ट शिकवली आहे. एका अभ्यासातून एकच प्रश्न विचारायचा, उरलेले चार दुसऱ्या वर्षी.

शंका भरपूर घाला म्हणणाऱ्यांनाही थोडे थांबवायला हवे. प्रत्येक वाक्यापुढे ‘कदाचित’ लावलेला संक्षेप वाचून दमलेला डॉक्टर काय करील? तो झोपेचा प्रश्न विचारणेच सोडून देईल. ते नुकसान खरे आहे, कारण घरच्यांना दिसणारी, बिनखर्चाची, आणि उन्मादाच्या आधी सर्वांत जास्त आढळणारी खूण हीच आहे. इशारा म्हणून झोपेचा उपयोग करायला ती कारण आहे हे सिद्ध व्हावे लागत नाही. धुराला धूर म्हणून महत्त्व द्यायला काहीच हरकत नाही. लेखकाने फक्त आपण धुराबद्दल बोलतो आहोत एवढे म्हणावे.

मग त्याच मर्यादेत वरचा संक्षेप कसा लिहिता येईल? माझ्या मते असा:

“स्थिर बायपोलर-१ रुग्णांत वाईट झोप आणि पुढच्या १२ महिन्यांत आजार उलटणे यांचा संबंध आम्ही तपासला. एका शिक्षण रुग्णालयातले, किमान ८ आठवडे स्थिर असलेले १२० प्रौढ घेतले. झोप सुरुवातीला एकदाच पिट्सबर्ग प्रश्नावलीने मोजली. ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे वाईट. आजार उलटणे म्हणजे निदानाच्या निकषांत बसणारा उन्माद किंवा उदासीनता, किंवा रुग्णालयात भरती. तपासणी दरमहा. वाईट झोपेच्या ६४ पैकी १४ आणि चांगल्या झोपेच्या ५६ पैकी ६ जणांचा पाठपुरावा अपुरा राहिला. उरलेल्यांत आजार उलटला ५० पैकी २५ आणि ५० पैकी १५ जणांचा. पहिल्या ४ आठवड्यांतले ११ वगळल्यावर ४१ पैकी १६ आणि ४८ पैकी १३. उरलेली उदासीनता आणि लिथियमचे सेवन जमेस धरल्यावर दर १.५ पट (०.८ ते २.९). वाईट झोप ही धोक्याची खूण असू शकते. ती कारण आहे असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. न आलेले २० रुग्ण हा फरक पुसू शकतात.”

हे शब्द मोजा. अडीचशेच्या बरेच आत आहेत. इंग्रजीत ते थोडे वाढतील, तरी मर्यादेत बसतील. म्हणजे जागा होती. ती पार्श्वभूमीने खाल्ली होती.

मग निवासी डॉक्टर असे का लिहीत नाहीत? कारण त्यांना वाटते की असा संक्षेप नाकारला जाईल, आणि त्यांची ही भीती निराधार नाही. होकारार्थी निकाल जास्त छापले जातात हे कोक्रेनच्या आढाव्यानेच दाखवले आहे. एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले होते, “सर, ०.८ ते २.९ लिहिलं तर कोण घेणार?” समितीतल्या आम्हा लोकांकडे याचे बरे उत्तर नसेल, तर दोष तिच्या लेखणीला देता येणार नाही. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी ‘स्ट्रोब’ ही नियमावली २००७ सालापासून आहे, आणि अधिवेशनांच्या संक्षेपांसाठी त्यांची वेगळी छोटी यादीही आहे. ती भिंतीवर लावण्यासाठी नाही, गुण देताना वापरण्यासाठी आहे.

माझे मत असे की २५० शब्दांची मर्यादा तशीच ठेवावी. मात्र कोहोर्ट अभ्यासांच्या अर्जात मर्यादेबाहेर प्रत्येक गटासाठी तीन आकड्यांचे रकाने असावेत: किती घेतले, किती शेवटपर्यंत राहिले, किती जणांचा आजार उलटला. ते भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये, जसा शब्द जास्त झाले की जात नाही. पार्श्वभूमी एका वाक्यापलीकडे जाऊ देऊ नये. आणि पाठपुराव्यातली गळती प्रांजळपणे लिहिणाऱ्याचे त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत, हे आयोजकांनी आवाहनातच छापावे.

माझा तो जुना संक्षेप आता दुरुस्त करता येत नाही. यंदा ज्यांची शेवटची तारीख जवळ आली आहे आणि ज्यांचे तेरा शब्द जास्त होत आहेत, त्यांना एवढीच विनंती, की ते पहिल्या दोन वाक्यांतून काढा.